तळलेल्या वांग्यात आणि भेंडीत तेल किती जिरते?

प्रश्न: मी वजनावर लक्ष ठेवून आहे आणि रोजच्या खाण्याची नोंद करते. पाव किलो वांग्याचे काप किंवा तेवढीच भेंडी मी कढईत तळते. कढईत साधारण 300 मिलिलिटर तेल असते, पण तळून झाल्यावर त्यातले बरेचसे तसेच उरते. नोंदीत सगळे तेल धरायचे की काहीच धरायचे नाही? शिवाय कच्चे काप 250 ग्रॅम असतात आणि तळल्यावर 170 ग्रॅमच भरतात. वजन घटते, म्हणजे तेल फारसे आत जात नाही असे समजावे का? आणि तेच काप तव्यावर केले तर किती फरक पडेल?
— एक वाचक

उत्तर: काप हलके झाले ते त्यातले पाणी उडून गेल्यामुळे, आणि पाणी जेवढे जाते त्या मानाने आत येणारे तेल कमी असते म्हणून एकूण वजन घटलेले दिसते. कच्च्या वांग्यात शंभरातले सुमारे 92 भाग पाणी असते. म्हणजे तुमच्या 250 ग्रॅम कापांत पाणी जवळजवळ 230 ग्रॅम आहे आणि पाणी सोडून उरणारा सगळा ऐवज, म्हणजे तंतू, थोडी साखर, प्रथिने, क्षार वगैरे, जेमतेम 20 ग्रॅम. काप गरम तेलात पडताच जे बुडबुडे उसळतात ते तेलाचे नसतात, कापातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. ही वाफ जाते आणि रिकाम्या झालेल्या जागेत काही प्रमाणात तेल शिरते. त्यामुळे तळल्यावरचे 170 ग्रॅम हा आकडा दोन उलट दिशांच्या घडामोडींची बेरीज-वजाबाकी आहे आणि केवळ त्याच्याकडे पाहून तेल किती ते सांगता येत नाही. त्यातले 20 ग्रॅम कोरडा ऐवज वगळला, तर राहिलेले 150 ग्रॅम पाणी आणि तेल मिळून आहेत. त्यात तेल 10 ग्रॅम असेल तर त्याच्या कॅलरी 90 होतात आणि 60 ग्रॅम असेल तर 540. ताटात दोन्ही काप दिसायला फारसे वेगळे नसतील.

म्हणून भाजीचे वजन करण्याऐवजी तेलाचे वजन करावे, कारण तेलाची वाफ होत नाही. कढईतून जे तेल कमी झाले ते भाजीत, कागदावर, झाऱ्यावर किंवा ओट्यावर यांपैकी कुठेतरी गेलेले असते आणि भाजी सोडून बाकीच्या जागा मोजता येतात. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा, जो एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो आणि तुमच्या कढईचा भार पेलतो, एवढे साधन पुरते.

कृती अशी आहे. कढईत थंड तेल ओतावे, त्यातच झारा ठेवावा आणि या सगळ्याचे मिळून वजन लिहून ठेवावे. निथळण्यासाठी जो कागद वापरणार असाल त्याचेही वजन आधीच करावे. तळून झाल्यावर झारा पुन्हा कढईतच ठेवावा, म्हणजे त्याला चिकटलेले तेल हिशेबाबाहेर जाणार नाही, आणि कढई पूर्ण थंड होऊ द्यावी. गरम कढई काट्यावर ठेवली तर काटा बिघडतो आणि आकडाही स्थिर राहत नाही. कागदाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सुटते. गरम कापांची वाफ कागदात ओल धरते, त्यामुळे लगेच वजन केले तर तेलाबरोबर पाणीही मोजले जाते आणि कागदाने खूप तेल टिपले असा समज होतो. कागद पसरून काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तसाच ठेवावा. पाणी उडून जाते, तेल राहते, आणि मग केलेले वजन खरे असते.

आता तुमच्याच प्रमाणावर एक हिशेब करून पाहू. वजने उदाहरणादाखल घेतली आहेत. समजा सुरुवातीला कढई, झारा आणि तेल मिळून 1,420 ग्रॅम होते आणि थंड झाल्यावर 1,370 ग्रॅम भरले. 50 ग्रॅम तेल कमी झाले. कागद 4 ग्रॅमचा होता तो वाळल्यावर 9 ग्रॅम झाला, म्हणजे 5 ग्रॅम तेल त्याच्याकडे गेले. भाजीत राहिले 45 ग्रॅम. तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला जवळपास 9 कॅलरी पडतात, तेव्हा तेलाच्या कॅलरी झाल्या 405. (इथे कॅलरी म्हणजे पाकिटांवर जी किलोकॅलरी छापलेली असते तीच.) कच्च्या वांग्याच्या 100 ग्रॅममागे सुमारे 25, म्हणजे 250 ग्रॅमच्या साधारण 62. एकूण 467. या कापांतून पाणी किती गेले तेही आता काढता येते. 250 मध्ये 45 मिळवून त्यातून 170 वजा केले की 125 ग्रॅम उरतात, आणि तेवढे पाणी वाफ होऊन उडाले.

सगळे 300 मिलिलिटर तेल नोंदीत धरले असते तर काय झाले असते ते पाहा. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे 300 मिलिलिटरचे वजन सुमारे 276 ग्रॅम भरते आणि त्याच्या कॅलरी अडीच हजारांच्या घरात जातात, म्हणजे प्रत्यक्षाच्या सहापट. उलट तेल सोडून फक्त वांगे लिहिले असते तर 467 च्या जागी 62 लिहिले गेले असते. माझ्या मते दुसरी चूक अधिक होते, कारण ‘भाजीच तर आहे’ असे म्हणून ती सहज खपून जाते.

मोजणीत काही बिनसले आहे का, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. तळलेल्या कापांच्या वजनातून कोरड्या ऐवजाचे वजन वजा केले, तर जे उरते त्यापेक्षा तेल जास्त असूच शकत नाही. वरच्या उदाहरणात ती मर्यादा 150 ग्रॅम आहे आणि आपले 45 ग्रॅम तिच्या खूप आत बसतात. एखाद्या वेळी हिशेब या मर्यादेच्या पलीकडे किंवा अगदी जवळ गेला, तर तेल ओट्यावर उडाले आहे, भाजी उपसताना भांड्याच्या कडेने ओघळले आहे किंवा कढई पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा वेगवेगळ्या सामानासह काट्यावर ठेवली गेली आहे, असे समजावे.

ही कसोटी भेंडीच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते, कारण भेंडी आपण कुरकुरीत होईपर्यंत तळतो. कुरकुरीत होणे म्हणजे जवळजवळ सगळे पाणी निघून जाणे. कच्च्या 250 ग्रॅम भेंडीत सुमारे 225 ग्रॅम पाणी आणि 25 ग्रॅम कोरडा ऐवज धरला आणि ती तळून 95 ग्रॅमवर आली असे समजले, तर तेलाला जास्तीत जास्त 70 ग्रॅमच जागा आहे. कढईचे वजन करून उत्तर 40 ग्रॅम आले, तर ते पटण्यासारखे आहे. 40 ग्रॅम तेलाच्या 360 कॅलरी, आणि भेंडीच्या स्वतःच्या, 100 ग्रॅमला 33 या दराने, सुमारे 82. एकूण 442.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की नोंदीतला मोठा घोळ कुठे होतो ते कळते. पाव किलो वांगे आणि पाव किलो भेंडी या दोन्हींच्या एकूण कॅलरी इथे जवळपास सारख्याच आल्या आहेत. पण तळून झाल्यावर ताटात घेतलेल्या 100 ग्रॅमचा हिशेब केला तर वांग्याच्या सुमारे 275 आणि भेंडीच्या सुमारे 465 होतात. भेंडीत तेल जास्त गेलेले नाही. तिच्यातले पाणी जास्त गेले आहे, त्यामुळे तेवढेच तेल कमी वजनात दाटले आहे. तयार तक्त्यांत ‘तळलेली भेंडी, 100 ग्रॅम’ असे लिहिलेले असते, पण ती कितपत वाळवून तळली हे लिहिलेले नसते, आणि म्हणूनच दोन तक्त्यांतले आकडे कधी कधी दुप्पट-तिप्पट फरकाचे दिसतात. तुम्ही तक्ता पाहणारच असाल तर शिजवलेल्या वजनावर विसंबू नका. कच्चे वजन लिहा आणि तेल वेगळे लिहा.

तेल नेमके कधी आत जाते, हे समजून घेतले तर ते कमी कसे करायचे हेही उलगडते. भाजी उकळत्या तेलात असताना वाफ जोराने बाहेर पडत असते आणि तिच्या रेट्यामुळे तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. भाजी बाहेर काढली की चित्र पालटते. तिच्या अंगावर तेलाचा पातळ थर असतो, आतली वाफ थंड होऊन पाण्यात बदलते, तिची जागा आकसते आणि आतला दाब कमी होतो. त्या ओढीने अंगावरचे तेल आत खेचले जाते. भाजीत सापडणाऱ्या तेलाचा मोठा वाटा असा कढईतून बाहेर आल्यानंतर आत गेलेला असतो. त्यामुळे तळून झालेले काप झाऱ्यावर घेऊन कढईवरच चांगले झटकणे आणि लगेच, गरम असतानाच, कागदावर एका थरात पसरणे यात खरा फायदा आहे. थाळीत ढीग करून ठेवले आणि पाच-दहा मिनिटांनी कागद आठवला, तर बाहेर टिपायला फारसे काही राहिलेले नसते. चिरलेल्या भेंडीच्या बाबतीत आणखी एक बारकावा असा, की तिच्या बियांच्या पोकळ कप्प्यांत तेल भरून राहते. ते ओतले जावे म्हणून झारा तिरका धरून थोडा हलवावा लागतो.

याच कारणाने तेल पुरेसे तापलेले असणे आणि एका वेळी थोडीच भाजी टाकणे महत्त्वाचे ठरते. तेल 170 ते 180 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर वाफ जोरात निघते आणि बाहेरचा थर लवकर आवळतो. कढई भरून भाजी टाकली की तेल एकदम थंडावते, बुडबुडे मंदावतात, भाजी मऊ पडते आणि तेलकट होऊन बाहेर येते. वारंवार तापवलेले, घट्ट आणि काळसर झालेले तेल अंगाला जास्त चिकटून राहते, तेव्हा तेही टाळलेले बरे.

आता तव्याचा प्रश्न. इथे वांगे आणि भेंडी यांच्या वाटा वेगळ्या होतात. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, त्याच्या पेशींच्या मध्ये हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात. कच्चा काप तेलावर ठेवला की या पोकळ्या तेल ओढून घेतात, तेही काप नीट तापण्याच्या आधीच. पहिल्याच मिनिटात तवा कोरडा पडतो आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती घाबरून आणखी तेल सोडते. तेही नाहीसे होते. काही मिनिटांनी गर शिजून बसतो, पोकळ्या चेपल्या जातात आणि प्यायलेल्या तेलातले थोडे परत तव्यावर येते, पण तोवर नको तेवढे तेल पडून गेलेले असते. कढईत तळताना उरलेले तेल निदान कढईत राहते. तव्यावर जे ओतले ते जवळजवळ सगळे खाल्ले जाते. 15 मिलिलिटरचा मोठा चमचा धरला तर एका चमच्यात सुमारे 14 ग्रॅम तेल आणि 125 च्या आसपास कॅलरी असतात. पाव किलो कापांना असे तीन चमचे लागले, तर तेल 41-42 ग्रॅम झाले, म्हणजे कढईतल्या 45 ग्रॅमच्या जवळपास. ‘तव्यावर केले, म्हणून हलके’ हा समज वांग्याच्या बाबतीत अनेकदा असा फसतो.

तव्यावरचा फायदा खरोखर मिळवायचा असेल तर कापांतल्या पोकळ्या तेल भेटण्याच्या आधी बंद करायला हव्यात. त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे काप आधी वाफवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये थोडे शिजवून घेणे. गर मऊ पडून दबला की तेल प्यायची त्याची ताकद बरीच कमी होते. काप अर्धवट शिजले आहेत हे ओळखायचे तर ते कडेने पिळपिळीत होतात आणि मधला पांढरा, कापसासारखा दिसणारा भाग किंचित पारदर्शक दिसू लागतो. दुसरा मार्ग मीठ लावून अर्धा तास ठेवण्याचा. मीठ पाणी बाहेर ओढते आणि गर काही प्रमाणात बसतो. नंतर काप दाबून, पुसून कोरडे करावेत, आणि वरून मीठ घालताना हात आखडता घ्यावा. मिठाचा परिणाम वाफवण्याइतका पुरा होत नाही, हे लक्षात असू द्यावे. असे तयार केलेले काप तापलेल्या तव्यावर ठेवून तेल तव्यावर ओतण्याऐवजी कापाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने लावले, तर पाव किलोला एक मोठा चमचा पुरू शकतो. तेव्हा तेलाच्या कॅलरी 405 वरून सुमारे 125 वर येतात. चव मात्र तळलेल्या कापांची येत नाही, आणि ती येते असे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

भेंडीला हा खटाटोप लागत नाही. तिच्या सालीवरून तेल आत जात नाही म्हटले तरी चालेल, ते शिरते ते कापलेल्या तोंडांतून. त्यामुळे बारीक चकत्यांपेक्षा लांब तुकडे कमी तेल घेतात. धुतल्यावर भेंडी अगदी कोरडी करून मग चिरावी आणि मीठ शेवटी घालावे, कारण आधी घातलेले मीठ पाणी आणि चिकटपणा बाहेर काढते आणि तुकडे मोकळे होईपर्यंत परतत बसावे लागते. तव्यावर किंवा उथळ कढईत परतलेल्या भेंडीला दीड मोठा चमचा तेल लागले तर ते 20-21 ग्रॅम होते. तळलेल्या भेंडीच्या निम्मे. इथे ‘कमी तेलात केले’ हे म्हणणे बरोबर ठरते.

दर वेळी कढई काट्यावर चढवायची गरज नाही. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने तळताना दोन-तीनदा मोजावे आणि कच्च्या 100 ग्रॅममागे किती तेल गेले तो आकडा काढून ठेवावा. वरच्या उदाहरणांत तो वांग्यासाठी 18 ग्रॅम आणि भेंडीसाठी 16 ग्रॅम आहे. तुमचा वेगळा येईल, आणि येऊ द्यावा, कारण कापाची जाडी, तेलाचे तापमान आणि निथळण्याची सवय प्रत्येकाची निराळी असते. तुमच्या मोजण्या आपसांत 5 ग्रॅमने हलल्या तरी तो फरक पाव किलोच्या पूर्ण भाजीमागे 45 कॅलरींचा आहे, एका माणसाच्या वाट्याला त्यातला अंशच येतो. पण चिरण्याची पद्धत बदलली, पिठाचे आवरण दिले किंवा काप खूप पातळ केले तर जुना आकडा चालणार नाही. पीठ स्वतःच्या कॅलरी घेऊन येते आणि तेलही स्वतंत्रपणे धरते, तेव्हा नव्याने मोजावे.

वाटणी करताना तळलेल्या वजनाचा उपयोग होतो, तेवढ्यापुरताच. 170 ग्रॅम काप तयार झाले आणि तुम्ही 60 ग्रॅम घेतले, तर 467 ला 60 ने गुणून 170 ने भागावे. उत्तर सुमारे 165 येते आणि तेच तुमच्या नोंदीत जावे. तळलेले वांगे पुढे रश्श्यात घातले तर कापांतले काही तेल सुटून वर तरंगते. ते तुमच्या वाटीत आले की भांड्यात राहिले यावर हिशेब हलतो, म्हणून अशा वेळी वाढण्यापूर्वी रस्सा चांगला ढवळून घ्यावा, अथवा वरचे तेल पळीने काढून त्याचे वजन करावे आणि फोडणीसह एकूण तेलातून ते वजा करावे.